चौदा मात्रा, चार बोल आणि एक नाव: ताल ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात तबला शिकवताना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. खानापूरहून कुणी आजोबांच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवतं, निपाणीहून भजनी मंडळातले एखादे काका फोनवर चार बोल म्हणून दाखवतात, शहापुरातली परीक्षेला बसलेली मुलगी वर्ग सुटल्यावर थांबते. सगळ्यांकडे दोनच गोष्टी असतात: मोजलेल्या मात्रा आणि थोडे बोल. एवढ्यावर नाव सांगा म्हणतात. बऱ्याचदा सांगता येतं. कसं सांगता येतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहिलं आहे.

मात्रा मोजल्या की ताल कळलाच ना?

नाही. मात्रांचा आकडा फक्त घराचा रस्ता दाखवतो, घर नाही. दहा मात्रा मोजल्यात तर झपताल असेल किंवा सूलताल. सात असतील तर रूपक किंवा तीव्रा. बारा असतील तर एकताल किंवा चौताल. सोळाला तीनताल आहे, तिलवाडा आहे, अद्धाही आहे. चौदाला तर निदान चार नावं नेहमीच्या वापरातली आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. म्हणून खाली चौदावर जरा जास्त वेळ थांबलो आहे. ते एक नीट कळलं की बाकीच्या आकड्यांना तीच रीत लावता येते.

मात्रांनंतर तीन गोष्टी बघायच्या: विभाग कुठे पडतात, खाली कुठे आहे, आणि समेवर कोणतं अक्षर आहे.

मी एकतालाची अक्षरं मोजली तर वीस भरली. चूक कुठे झाली?

तुम्ही अक्षरं मोजलीत, मात्रा नाही. एकताल असा आहे:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

इथे ‘धागे’ ही दोन अक्षरं एका मात्रेत बसतात आणि ‘तिरकिट’ची चारही अक्षरं एकाच मात्रेत. दोन ‘धागे’ आणि दोन ‘तिरकिट’ मिळून मात्रा होतात चार, पण अक्षरं होतात बारा. म्हणजे आठ अक्षरं जास्तीची मोजली जातात आणि बाराचे वीस होतात. वहीत बोल सलग लिहिलेले असले की हे हमखास घडतं. जुन्या वहीत एका मात्रेतल्या अक्षरांखाली कंस काढलेला असतो, तो फोटोत पुसट आला तरी सगळं गणित बिघडतं. एका हाताने सारख्या अंतराने टाळी देत बोल म्हणा. ज्या अक्षरावर टाळी पडते तिथे नवी मात्रा.

चौदा मात्रांचे चार ताल एकमेकांपासून कसे ओळखायचे?

आधी चौघांना शेजारी ठेवू.

दीपचंदी: धा धिं ऽ | धा धा तिं ऽ | ता तिं ऽ | धा धा धिं ऽ

झूमरा: धिं ऽधा तिरकिट | धिं धिं धागे तिरकिट | तिं ऽता तिरकिट | धिं धिं धागे तिरकिट

आडाचौताल: धिं तिरकिट | धी ना | तू ना | क त्ता | तिरकिट धी | ना धी | धी ना

धमार: क धि ट धि ट | धा ऽ | ग ति ट | ति ट ता ऽ

आडाचौताल सगळ्यात लवकर बाजूला होतो. त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे, एकूण सात. टाळ्या एक, तीन, सात आणि अकरावर, खाली पाच, नऊ आणि तेरावर. गाणाऱ्याचा किंवा वाजवणाऱ्याचा हात दर दोन मात्रांनी हलत असेल तर पुढचं बघायची गरजच नाही.

धमारात सम ‘क’वर येते, ‘धा’वर नाही. ‘धा’ येतो सहाव्या मात्रेवर. हे माहीत नसेल तर कान आपोआप ‘धा’ला सम धरतो आणि सगळं आवर्तन पाच मात्रांनी सरकतं. धमार मुळात पखवाजाचा ताल, त्यामुळे त्यात ‘तिरकिट’ची भरण नाही, क-धि-ट, ति-ट अशी सुटी, ठसठशीत अक्षरं आहेत. त्याचे विभाग पाच, दोन, तीन आणि चार मात्रांचे.

उरले दीपचंदी आणि झूमरा, आणि खरी अडचण ही आहे. दोघांचे विभाग अगदी सारखे, तीन-चार-तीन-चार. दोघांच्या टाळ्या एक, चार आणि अकरावर, दोघांची खाली आठवर. हाताकडे बघून फरक कळणारच नाही. तो बोलांतून काढायचा, आणि त्यासाठी प्रत्येक विभागाच्या शेवटच्या मात्रेकडे बघायचं. म्हणजे तिसरी, सातवी, दहावी आणि चौदावी मात्रा. दीपचंदीत या चारही जागा रिकाम्या आहेत, तिथे नुसता अवग्रह, आधीच्या ‘धिं’ची किंवा ‘तिं’ची आस रेंगाळते. झूमऱ्यात नेमक्या याच चार जागी ‘तिरकिट’ आहे. जिथे दीपचंदी गप्प बसतो तिथे झूमरा बोलतो. विद्यार्थ्यांना मी हे एकच वाक्य पाठ करायला सांगतो, कारण चौदापैकी एवढी एक जागा जरी ऐकू आली तरी निकाल लागतो.

दुसरी खूण समेची. दीपचंदी ‘धा’वर उघडतो, झूमरा ‘धिं’वर. तिसरी दुसऱ्या मात्रेची: झूमऱ्यात ‘धा’ अर्ध्या मात्रेने उशिरा येतो, म्हणून ‘ऽधा’ लिहितात. टाळीच्या क्षणी काहीच नाही आणि अर्ध्या मात्रेनंतर धा. पढंत करताना हा धा टाळीवर आला तर झूमरा बिघडला समजा.

गाण्याच्या प्रकारावर मात्र फार विसंबू नका. झूमरा विलंबित ख्यालात भेटतो हे खरं. पण ‘होरी’ म्हटल्यावर लगेच धमार म्हणाल तर फसाल. धृपद अंगाची होरी धमारात असते आणि ठुमरी अंगाची होरी बऱ्याचदा दीपचंदीत. दोन्ही चौदा मात्रांच्याच.

आजोबांच्या वहीतलं पान वाळवीने खाल्लंय. काही अक्षरं आणि आकडे उरलेत. नाव निघेल?

असं एक पान माझ्याकडे खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने आणलं होतं. कसं काढलं ते क्रमाने सांगतो, कारण त्यात वहीची लिपी ओळखण्याचाही धडा आहे.

पानाच्या वर १४ असा आकडा होता. खाली चार ओळींच्या सुरुवाती उरल्या होत्या, उजवी बाजू गेलेली. पहिल्या ओळीपुढे १ आणि ‘धिं ऽधा’, दुसरीपुढे ४ आणि ‘धिं धिं’, तिसरीपुढे + आणि ‘तिं ऽ’, चौथीपुढे ११ आणि नुसतं ‘धिं’. मुलगी म्हणाली, “सर, सम तिसऱ्या ओळीवर आहे बघा, फुली मारलीय. मग आधीच्या दोन ओळी कशाच्या?”

घोळ फुलीचा होता. भातखंडे पद्धतीत सम × या खुणेने दाखवतात आणि खाली ० ने. पलुस्कर पद्धतीत समेला १ लिहितात, खालीला + आणि बाकीच्या टाळ्यांना त्या त्या मात्रेचा आकडा. हाताने घाईत काढलेला + आणि × सारखेच दिसतात, पण अर्थ अगदी उलटा. शिवाय पलुस्कर पद्धतीत अक्षराखालचं ० म्हणजे अर्धी मात्रा, आणि भातखंडे वाचणाऱ्याला तीच खाली वाटते. आमच्या भागातल्या जुन्या वह्यांत पलुस्कर पद्धत भेटली तर नवल वाटायला नको. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, म्हणजे आमच्या चिकोडी-निपाणीकडून हाकेच्या अंतरावर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे त्या परंपरेच्या परीक्षा गावोगाव पोचल्या. या पानावर समोर १, ४, ११ असे मात्रांचेच आकडे होते. त्यावरून लिपी पलुस्करांची हे ठरलं आणि + म्हणजे खाली.

लिपी कळल्यावर पुढचं सोपं झालं. ओळी १, ४ आणि ११ ला सुरू होतात. तिसरी ओळ कुठे सुरू होते याचा आकडा नाही, तिथे फुली आहे. म्हणून उरलेल्या अक्षरांकडे वळायचं. आडाचौतालात तीनला टाळी हवी आणि खाली तीन वेळा हवी, इथे चारला टाळी आहे आणि खाली एकदाच. तो गेला. धमारात दुसरी टाळी सहाला हवी, इथे ती चारला, म्हणून तोही गेला. इथे एक सावधगिरी सांगतो: धमाराची खालीसुद्धा आठवरच असते आणि तिसरी टाळी अकरावरच. वाळवीने ‘४’ खाल्ला असता तर एवढ्या आकड्यांवर धमार आणि दीपचंदी-झूमरा यांत निवड करता आली नसती.

मग दीपचंदी की झूमरा? पहिल्या ओळीत ‘धिं’, नंतर ‘ऽधा’. दीपचंदी ‘धा’वर सुरू होतो आणि त्यात अवग्रह अक्षराच्या आधी चिकटून कधीच येत नाही, स्वतंत्र मात्रा म्हणून येतो. तिसऱ्या ओळीत ‘तिं ऽ’ होतं. ते ‘ऽता’चं अर्धं राहिलेलं, हे पहिल्या ओळीशी ताडून कळतं, कारण खालीची ओळ पहिल्या ओळीचीच डग्गा बंद केलेली प्रत असते: धिं चा तिं, धा चा ता. झूमरा ठरला.

नाव ठरल्यावरही मी एक पडताळणी केली. पानाच्या अगदी कडेला, फाटलेल्या टोकाशी, पहिल्या ओळीत वाटीसारख्या दोन बारीक खुणा उरल्या होत्या, त्यांच्यावरची अक्षरं गेलेली. पलुस्कर पद्धतीत ती पाव मात्रेची खूण. तिसऱ्या मात्रेत पाव-पाव मात्रेची अक्षरं म्हणजे ‘तिरकिट’. दीपचंदीत त्या जागी काहीच नसतं. आता खात्री झाली. मुलीने घरी जाऊन ताल पूर्ण लिहून काढला आणि पुढच्या रविवारी हातावर म्हणून दाखवला. दुसऱ्या मात्रेतला तो उशिराचा धा तिला चार वेळा चुकला, पाचव्यांदा जागेवर आला.

‘तू ना क त्ता’ ऐकलं. एकतालच ना?

घाई करू नका. हे चार बोल एकतालात पाचव्या ते आठव्या मात्रेवर आहेत आणि आडाचौतालातही अगदी पाचव्या ते आठव्याच मात्रेवर. म्हणून त्यांच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते ऐका. आधी ‘धागे तिरकिट’ आणि नंतरही ‘धागे तिरकिट’ असेल तर एकताल. आधी ‘धी ना’ आणि नंतर ‘तिरकिट धी’ असेल तर आडाचौताल.

‘धागे तिरकिट’चंही असंच. एकतालात ते दोनदा येतं आणि झूमऱ्यातही दोनदा. त्यानंतर ‘तू ना’ किंवा ‘धी ना’ आलं तर एकताल, ‘तिं ऽता’ किंवा ‘धिं ऽधा’ आलं तर झूमरा.

पखवाजाकडे हाच प्रकार ‘तिट कत गदि गन’चा आहे. चौताल, सूलताल आणि तीव्रा, तिघेही याच चार मात्रांनी संपतात. इथे उलटं मोजायचं: ‘तिट’च्या आधी, समेपासून किती मात्रा झाल्या? आठ झाल्या तर चौताल, सहा झाल्या तर सूलताल, तीनच झाल्या तर तीव्रा.

बोलांचा एखादा तुकडा मिळाला की नाव सुचतं. त्या सुचण्यावर विश्वास ठेवण्याआधी शेजारचे बोल मागून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

गाणं ऐकताना सातच मोजले जातात. रूपक आहे की चौदाचा अर्धा दीपचंदी?

डग्ग्याकडे कान द्या. रूपक असा आहे: ती ती ना | धी ना | धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा घुमतच नाही, आणि हे दर सात मात्रांनी तसंच घडतं. रूपकाची सम खालीवर आहे, हे त्याचं खास वैशिष्ट्य. दीपचंदीत मात्र पहिल्या सातांत डग्गा सुरुवातीपासून घुमतो आणि पुढच्या सातांच्या सुरुवातीला ‘ता तिं’ म्हणून गप्प होतो. म्हणजे एका सातात भरी, पुढच्या सातात खाली. सलग दोन साते ऐका. दोन्ही अगदी सारखी वाटली तर सातचाच ताल. एक जड आणि एक हलकं वाटलं तर चौदाचा.

विभागही वेगळे आहेत. रूपक तीन-दोन-दोन, दीपचंदीचा अर्धा भाग तीन-चार. पण चालू गाण्यात दोन-दोन आणि चार यांतला फरक पटकन कळत नाही, डग्गा कळतो.

विलंबित ख्यालात मी समेपासून समेपर्यंत ४८ मोजले.

बाराला चारने गुणलंत. विलंबित एकताल इतका सावकाश चालतो की एका मात्रेच्या आत तबलजी भरण करतो आणि ऐकणारा त्या भरणीलाच मात्रा समजतो. ‘तिरकिट’ कुठे येतं ते शोधा. त्याची चार अक्षरं तुमच्या चार मोजण्यांवर एकेक करून पडत असतील तर तुमचं एक मोजणं म्हणजे पाव मात्रा. चारने भागा.

शाळेत भरतनाट्यमच्या वर्गात ‘रूपक’ सहा मात्रांचा शिकवला. तबल्याचे सर सात सांगतात. कोण बरोबर?

दोघंही. हा प्रश्न बेळगावसारख्या ठिकाणीच इतक्यांदा पडतो, कारण इथे एकाच गल्लीत हिंदुस्थानी तबल्याचा वर्ग असतो आणि कर्नाटक पद्धतीच्या नृत्याचाही. दोन पद्धतींत काही नावं सारखी आहेत, ताल मात्र वेगळे.

कर्नाटक पद्धतीतला रूपक ताल दोन अधिक चार, असा सहा अक्षरांचा. आपला रूपक सातचा. त्यांचा एक ताल नेहमीच्या रूपात चार अक्षरांचा, आपला एकताल बारा मात्रांचा. झंपा आणि झपताल ही नावं जवळची आणि दोन्ही दहाचे, पण झंपा सात-एक-दोन असा मोडतो, झपताल दोन-तीन-दोन-तीन असा. म्हणून कुणी नुसतं ‘रूपक’ म्हणालं तर आधी कोणत्या पद्धतीतला ते विचारा.

हातावरूनही ओळखता येतं. कर्नाटक पद्धतीत टाळी दिल्यावर करंगळीपासून बोटं मोजतात. हिंदुस्थानी ताल धरताना विभागाच्या सुरुवातीच्या टाळी-खालीकडे लक्ष असतं. अजून एक: कर्नाटक पद्धतीतही हात उलटा करतात, तो दिसायला आपल्या खालीसारखाच आहे. पण तिथे त्याचा अर्थ ‘घुमारा बंद करा’ असा नाही, ती मोजणीतली एक क्रिया आहे. त्यावरून खाली ठरवायला गेलात तर विभाग चुकतील.

भजनाला वाजतो तो केहरवा, धुमाळी की भजनी ठेका?

तिघेही आठचेच. केहरवा: धा गे ना ती | न क धि न. धुमाळीत पाचव्या मात्रेवर ‘त्रक’ ऐकू येतो आणि सातव्यावर ‘धागे’. भजनी ठेक्याची ओळख त्याच्या झोक्यात आहे, धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ, म्हणजे दुसरा आणि तिसरा ‘धिं’ टाळीवर न पडता दोन टाळ्यांच्या मधे पडतात. मग दुसऱ्या अर्धात तेच ‘तिं’ने. शेवटची अक्षरं मंडळागणिक बदलतात, त्यावर जाऊ नका. टाळ्यांच्या मधले धिं ऐकू आले की भजनी.

माझ्याकडे ताल नाही, एक बंदिश आहे. कायदा आहे, रेला की तुकडा?

इथेही आधी खाली शोधा. दिल्लीचा एक प्रसिद्ध कायदा घ्या, तीनतालातला:

धाति टधा तिट धाधा | तिट धागे तिना किना
ताति टता तिट ताता | तिट धागे धिना गिना

प्रत्येक मात्रेत दोन अक्षरं, एका ओळीत आठ मात्रा, दोन ओळींत आवर्तन पुरं. दुसरी ओळ पहिलीचीच सावली आहे, धाच्या जागी ता. पण शेवट नीट बघा. पहिली ओळ ‘तिना किना’ म्हणून बंद स्वरात संपते, कारण पुढे खाली यायची आहे. दुसरी ओळ ‘धागे’पासून पुन्हा भरते आणि ‘धिना गिना’ म्हणत समेत जाते. अशी भरी-खालीची जोडी दिसली आणि ओळीतलेच शब्द उलटसुलट करून पलटे काढता आले तर तो कायदा. या कायद्याचा पलटा करताना त्याच्याबाहेरचं अक्षर आणायचं नाही. ‘धिरधिर’ घुसवलंत तर कायदा मोडला.

रेल्यातही भरी-खाली असते, म्हणून कागदावर दोघांत फरक करणं कधीकधी खरंच अवघड जातं. रेला अशा बोलांचा असतो जे चौपटीत सलग, न अडता धावतात: तिरकिट, तक, धिरधिर. वर दिलेल्या कायद्यात ‘तिट’ आणि ‘धागे’ स्वतंत्र उभे राहतात, तसं रेल्यात कुठलंच अक्षर वेगळं उभं राहत नाही. मला कुणी ‘तिरकिट’ने भरलेली चार ओळींची चिठ्ठी दिली तर मी आधी विचारतो की ही किती लयीत वाजवताना ऐकली. लय कळल्याशिवाय मी कायदा किंवा रेला असा शिक्का मारत नाही.

तुकड्यात खालीची सावली नसते. तो सरळ चालत जातो आणि तिहाई घेऊन समेवर येतो. तिहाईसकट तोच तुकडा सलग तीनदा वाजला तर चक्रधार. साध्या चक्रधारात तिहाईचे ‘धा’ मोजा: दर वेळी तीन, म्हणजे नऊ, आणि नववा समेवर. फर्माईशी चक्रधारात पहिल्या फेरीतल्या तिहाईचा पहिला धा समेवर येतो, दुसऱ्या फेरीत दुसरा आणि तिसऱ्या फेरीत तिसरा. हे ताल धरून म्हटल्याशिवाय कळत नाही, नुसत्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

तिहाई दिली तर तिच्यावरून ताल सांगता येतो का?

नाही. तिहाई कोणत्याही तालात बसते. ‘तिटकत गदिगन धा’ हे तीनदा घ्या. तिटकतची एक मात्रा, गदिगनची एक आणि धाची एक. तिसरा धा समेवर पडणार, म्हणून त्याआधी आठ मात्रा लागतात. तीनतालात ही तिहाई नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलायची. एकतालात पाचव्यापासून, झपतालात तिसऱ्यापासून, चौदा मात्रांच्या तालात सातव्यापासून. रूपकाच्या सात मात्रांत ती मावतच नाही, म्हणून मागच्या आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर उचलून पूर्ण एक आवर्तन ओलांडून समेवर यावं लागतं.

बोल तेच, उचलायची जागा वेगळी. तुम्हाला ती जागा आठवत असेल तर उलट गणित मांडता येतं. वडगावच्या एका विद्यार्थ्याने हीच तिहाई म्हणून दाखवली आणि म्हणाला, “गुरुजींनी ही बरोबर खालीवर उचलली होती, तेवढं पक्कं आठवतंय की.” खालीनंतर समेपर्यंत आठ मात्रा हव्यात. झपतालाची खाली सहावर, तिथून सम पाच मात्रांवर. चौदाच्या दीपचंदी-झूमऱ्यात खाली आठवर, तिथून सात. एकतालात दोन खाल्या, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, तिथून दहा आणि सहा. या तालांत आठ कुठेच भरत नाहीत. तीनतालात खाली नवव्यावर, तिथून आठ. मी त्याला तीनताल धरायला सांगितला. पण सोळाचेच तिलवाडा आणि अद्धा यांचीही खाली नवव्यावरच असते, म्हणून गुरुजी मागे कोणता ठेका धरून होते ते त्याला पुन्हा विचारावं लागलं. त्याला फक्त एवढंच आठवत होतं, की दुसऱ्याच मात्रेवर ‘तिरकिट’ यायचं. तीनतालात ते नाही. धा तिरकिट धिं धिं, तो तिलवाडा होता.